बंद कप्प्यातला मृत्यू : एका कादंबरीच्या खर्ड्यातील प्रसंग आणि त्याचे दोन प्रकारचे वाचक

हे प्रकरण एका कादंबरीच्या खर्ड्यातील एकाच प्रसंगाचे आहे. कादंबरी कोळसा वाहून नेणाऱ्या एका मालवाहू जहाजावर घडते. लेखिकेने जहाजावर कधी नोकरी केलेली नाही आणि तिच्या नात्यातही कोणी दर्यावर्दी नाही. खर्डा संपादनासाठी माझ्याकडे आला तेव्हा तो वाचनीय होता आणि अभ्यासपूर्ण दिसत होता, पण जहाजावर काम करणारा माणूस तो कसा वाचेल हे सांगता येत नव्हते. म्हणून तो दोन प्रकारच्या वाचकांकडे पाठवायचे ठरले. पहिल्या गटात समुद्राशी संबंध नसलेले नियमित कादंबरीवाचक होते. दुसऱ्या गटात तिघे होते : एक निवृत्त कप्तान, सध्या नोकरीत असलेले एक सेकंड इंजिनिअर आणि बरीच वर्षे डेकवर काढलेले एक बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. दोन्ही गटांचे अभिप्राय इतके उलटसुलट आले की संपादनाचा बहुतेक वेळ त्यांचा अर्थ लावण्यातच गेला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

मूळ प्रसंग

कादंबरीच्या मध्यावर एक अपघात आहे. जहाजाच्या पुढच्या भागात, डेकखाली, एक रिकामा कप्पा असतो. अशा कप्प्याला जहाजावर व्हॉइड म्हणतात. त्यात माल नसतो, पाणी नसते आणि तो महिनोन्‌महिने झाकण आवळून बंद असतो. आत पाणी झिरपल्याचा संशय येतो आणि एक खलाशी पाहणीसाठी खाली उतरतो. पहिल्या खर्ड्यात हा खलाशी शिडीच्या तळाशी पोचताच खोकू लागतो, दोन्ही हातांनी गळा धरतो आणि विषारी वायू पसरल्याचे ओरडून सांगतो. वरून चीफ ऑफिसर धावत येतो, नाकातोंडाला ओला रुमाल बांधून कप्प्यात उतरतो, बेशुद्ध खलाशाला खांद्यावर घेतो आणि शिडी चढून वर आणतो. खलाशी वाचत नाही. चीफ ऑफिसर वाचतो आणि उरलेली कादंबरी त्या आठवणीचे ओझे वाहते.

सामान्य वाचकांना हा प्रसंग सर्वांत आवडला. लेखिका नक्कीच काही काळ जहाजावर राहून आली असेल, असे एका वाचकाने लिहिले. त्याचे कारण विचारले तेव्हा त्याने जहाजाच्या भागांची नावे, पहाऱ्याच्या वेळा आणि दोरखंडांचे प्रकार यांचा उल्लेख केला. बाहेरचा वाचक अस्सलपणाचा अंदाज असाच बांधतो. त्याच्याकडे तुलनेसाठी प्रत्यक्ष जहाज नसते. असतात ती पूर्वी वाचलेली आणि पडद्यावर पाहिलेली जहाजे. नवे चित्र त्या जुन्या चित्रांशी जुळले आणि वर थोडे अनोळखी तपशील मिळाले की त्याला ते खरे वाटते. खोकणारा, गळा धरणारा माणूस त्याने अनेकदा पाहिलेला असल्यामुळे त्याच्या विश्वासार्हतेबद्दल त्याला प्रश्नच पडत नाही.

दुसऱ्या गटातून आलेल्या प्रतींवर याच पानांवर सर्वाधिक खुणा होत्या. कप्तानांनी समासात एकच वाक्य लिहून त्याखाली रेघ ओढली होती : ‘प्रशिक्षित माणूस असे करत नाही.’

कोणत्या चुका दुरुस्त होतात

सरळसरळ चुका आधी बाजूला काढल्या. खर्ड्यात जहाज ‘ताशी १४ नॉट’ वेगाने जात होते. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर, त्यात तास आलेलाच असतो. खुल्या समुद्रात कप्तान स्वतः सुकाणू धरून उभा होता, तेही काढले. या चुका खलाशांना दिसल्या, पण कोणी त्यावरून पुस्तक मिटले नाही. बोसन म्हणाले, “ताई, हे चालायचंच. आमचे नवे पोरसुद्धा पहिल्या महिन्यात असंच बोलतात.” बाहेरच्या लेखकांना अशाच चुकांची सर्वाधिक धास्ती असते आणि अभ्यासाचा सगळा जोर त्या टाळण्यावर खर्च होतो. प्रत्यक्षात जाणकार त्या एका ओळीत दुरुस्त करून देतो आणि पुढे वाचू लागतो.

खोकल्याची चूक मात्र वेगळ्या जातीची होती, आणि तिच्याजवळ थोडे थांबायला हवे. बंद लोखंडी कप्प्यात माणूस मरतो तो बहुधा विषारी वायूने नव्हे, तर हवेत प्राणवायू उरलेला नसतो म्हणून. नेहमीच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते. ओलसर कप्प्याच्या भिंती गंजत जातात, आणि गंजणे म्हणजे लोखंडाने हवेतला प्राणवायू खेचून घेणे. कप्पा महिनोन्‌महिने बंद राहिला तर आतला प्राणवायू फार खाली जाऊ शकतो. उरतो तो मुख्यतः नायट्रोजन, ज्याला वास नाही, रंग नाही आणि जो घशाला झोंबतही नाही. श्वास कोंडल्याची जी जाणीव आपल्याला होते ती प्राणवायू कमी झाल्याने होत नाही. ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. अशा कप्प्यात माणूस आत-बाहेर श्वास नीट घेत असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे शरीर इशाराच देत नाही. प्रमाण अगदी कमी असेल तर एकदोन श्वासांत शुद्ध हरपते. खोकला नाही, हाक नाही, गळ्याकडे जाणारा हात नाही.

म्हणजे पहिल्या खर्ड्यातल्या मृत्यूत खोकल्याचा तपशील चुकला होता एवढेच नव्हते, मृत्यूचे कारणच चुकले होते. कारण चुकले की त्यावर उभे राहिलेले सगळेच चुकत जाते. खोकणारा माणूस वरच्यांना सावध करतो. न खोकणारा त्यांना काहीच सांगत नाही. वरच्याला दिसतो तो केवळ आडवा झालेला सोबती. त्याला वाटते, पाय घसरला असेल, डोके आपटले असेल. आणि मग तो जे करतो ते त्या समजुतीतून करतो. ओला रुमाल बांधून उतरणारा नायक धोका ओळखून उतरतो. खऱ्या अपघातात उतरणाऱ्याला धोका बहुधा जाणवलेलाच नसतो. शिवाय जिथे प्राणवायूच नाही तिथे रुमाल ओला असला काय आणि कोरडा असला काय, तो काहीच गाळू शकत नाही. जो नायक रुमालाच्या भरवशावर खाली जाऊन माणसाला खांद्यावर टाकून परत येतो, तो त्या कप्प्यात गेलेलाच नाही असे म्हणावे लागते.

नजर कुठे जाते

सेकंड इंजिनिअरांच्या खुणा अपघातापेक्षा इतरत्र अधिक होत्या. त्यांची तक्रार अशी की या कादंबरीतले सगळे लोक सारखे समुद्राकडे बघत असतात. सूर्यास्त, लाटा, क्षितिज, पुन्हा सूर्यास्त. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इंजिनखोलीत काम करणाऱ्याला कित्येक दिवस समुद्र दिसतही नाही, आणि ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या कक्षात, पहाऱ्याला असलेला अधिकारी समुद्राकडे बघतो ते दुसऱ्या जहाजाचा दिवा कोणत्या बाजूला सरकतो आहे हे पाहण्यासाठी. डेकवरच्या खलाशाची नजर गंजावर असते, कारण आज जो गंज दिसला तो उद्या त्यालाच खरवडायचा असतो.

एक बारीक जागा त्यांनी दाखवली. खर्ड्यात नायकाची झोप ‘इंजिनाच्या आवाजाने’ मोडते. त्यांनी तिथे लिहिले की जहाजावर इंजिनाच्या आवाजात झोप लागते. ती मोडते आवाज थांबला की. भिंती, खाट, टेबलावरचा पेला, सगळे आठवडेच्या आठवडे एका लयीत थरथरत असते आणि ती थरथर अंगाला इतकी सवयीची होते की ती बंद पडताच झोपलेला माणूस अंथरुणात उठून बसतो. इंजिनखोलीतला तर चप्पल शोधू लागतो, कारण आता त्याला फोन येणार हे त्याला ठाऊक असते.

लेखिकेने ही दुरुस्ती तत्काळ घेतली, पण तिला त्यातून मिळाले ते एका वाक्यापेक्षा जास्त होते. बाहेरचा माणूस जहाजावर जाण्याची कल्पना करतो तेव्हा त्याला जे नवे वाटेल ते तो लिहितो : समुद्र, आवाज, वास, एकटेपण. आत राहणाऱ्याला यातले काहीच नवे नसते. त्याचे लक्ष बदलाकडे असते, म्हणजे थांबलेल्या इंजिनाकडे, उतरण्याच्या तारखेकडे, ती तारीख पुढे ढकलली गेल्याच्या बातमीकडे आणि नवा आचारी कसा निघतो इकडे. पात्राची नजर कुठे जाते यावरून जाणकार वाचक लेखक आतला की बाहेरचा हे दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच ओळखतो. माहितीची कसोटी त्यानंतर येते, आणि कित्येकदा तिची गरजही पडत नाही. याच कारणाने खर्ड्यातली दोरखंडांची आणि झडपांची लांबलचक वर्णने बाहेरच्या वाचकांना पुरावा वाटली होती, तर तिन्ही खलाशांना ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखी वाटली. रोज हाताखाली असलेल्या वस्तूचे कोणी मनातल्या मनात वर्णन करत नाही.

कप्तानांचा आक्षेप आणि त्याची तपासणी

आता मूळ आक्षेप : प्रशिक्षित माणूस असे करत नाही. हा आक्षेप अधिकाराने आलेला होता. कप्तानांनी हे प्रशिक्षण स्वतः दिलेले होते. बंद कप्प्यात कोणी कोसळला तर आधी धोक्याची घंटा द्यायची, श्वसनसंच येईपर्यंत कोणीही आत पाऊल टाकायचे नाही, हे प्रत्येक जहाजावर शिकवले जाते. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी अशा बचावाची कवायत दर दोन महिन्यांनी सक्तीची केली, आणि १ जुलै २०१६ पासून हवा तपासण्याचे हातातले मीटर जहाजावर असणे बंधनकारक झाले. अशा व्यवसायातला चीफ ऑफिसर रुमाल बांधून उडी घेतो हे लिहिणे म्हणजे त्याला अडाणी ठरवणे, असे त्यांचे म्हणणे होते.

लेखिका तो प्रसंग काढून टाकायला तयार झाली. मी थांबवले, कारण बोसनांच्या प्रतीवर त्याच पानाशी वेगळीच नोंद होती. त्यांनी रुमालावर फुली मारली होती आणि खाली लिहिले होते : ‘उतरतात. उतरूनच मरतात.’

एकाच व्यवसायातली दोन माणसे, आणि उत्तरे अगदी विरुद्ध. अशा वेळी जो अधिक वरच्या हुद्द्याचा त्याचे खरे धरण्याची सवय असते. आम्ही अपघातांचे चौकशी अहवाल वाचले. अनेक देशांच्या सागरी अपघात चौकशी संस्था ते प्रसिद्ध करतात, आणि एखादा व्यवसाय स्वतःबद्दल काय समजतो व प्रत्यक्षात काय घडते यातला फरक पाहायला त्याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. त्यातले एक उदाहरण निर्णायक ठरले. २३ सप्टेंबर २००७ रोजी उत्तर समुद्रात ‘वायकिंग आयले’ या जहाजावर नांगराची साखळी ज्या कप्प्यात साठवतात तिथे साखळीचा खडखडाट थांबवण्यासाठी एक खलाशी उतरला आणि कोसळला. दुसऱ्याने मदत मागितली आणि तोही आत उतरून कोसळला. तिसऱ्याने श्वसनसंच घालून उतरण्याचा प्रयत्न केला, पण संचासह त्याला त्या अरुंद तोंडातून जाता येईना. तेव्हा त्याने केवळ आगीतून बाहेर पळण्यासाठी असते ते छोटे श्वसनसाधन घातले आणि आत गेला. ते साधन जागचे हलले. तिघेही मेले. प्राणवायू खाल्ला होता गंजाने. आणि हे जहाज होते समुद्रातील वायूक्षेत्राजवळ संकटकालीन बचावासाठी तैनात केलेले. माणसे वाचवणे हाच तिथल्या खलाशांचा व्यवसाय होता.

ही एकटीदुकटी गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ मध्येच, जहाजांपुरते न बोलता सर्व बंदिस्त जागांबद्दल, असा इशारा दिला होता की तिथे मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात.

तेव्हा कप्तान चुकले असे म्हणून मोकळे होता आले असते, पण ते अर्धेच खरे ठरले असते. त्यांचे वाक्य वर्तनाचे वर्णन म्हणून चुकीचे होते. व्यवसायाचा स्वाभिमान म्हणून बरोबर होते. आतल्या वाचकाने ‘असे होत नाही’ म्हटले की त्याचे तीन वेगवेगळे अर्थ असू शकतात : असे घडतच नाही, घडते पण घडू नये, किंवा घडते, पण बाहेरच्याने ते सांगू नये. लेखकाला हे तीन अर्थ वेगळे करता आले नाहीत तर तो एक तर खरी गोष्ट गाळतो, नाही तर जाणकाराचा रास्त राग धुडकावून लावतो. कप्तानांच्या वाक्यात दुसरा आणि तिसरा अर्थ होता. मी त्यांना वायकिंग आयलेचा उल्लेख केला तेव्हा त्यांना तो अपघात माझ्याहून अधिक तपशिलाने माहीत होता. त्यांनी नाकारले नाही. म्हणाले, “हे मी लिहिलं तर लोक म्हणतील, अनुभवाचं आहे. तुमच्या बाईंनी लिहिलं तर म्हणतील, जहाजांवर असेच मूर्ख लोक असतात.”

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. आतला माणूस आपल्या लोकांचा दोष लिहितो तेव्हा वाचक त्या दोषामागची परिस्थिती लेखकाच्या हयातीतून आपोआप भरून घेतो. बाहेरच्या लेखकाला ही सवलत नसते. त्याने दोष लिहिला आणि परिस्थिती लिहिली नाही, तर उरतो तो केवळ दोष, आणि तो सगळ्या समुदायाच्या नावावर चढतो. त्यामुळे बाहेरच्या लेखकाने दोष लिहू नये असे नव्हे. त्याला परिस्थिती पानावरच लिहावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न कसे विचारले

पहिल्या खर्ड्यासाठी लेखिका जाणकारांशी बोलली नव्हती असे नाही. पण तिचे प्रश्न ‘बंद कप्प्यात उतरण्याची पद्धत काय?’ अशा स्वरूपाचे होते, आणि अशा प्रश्नाला कोणताही व्यावसायिक माणूस नियमपुस्तिकाच ऐकवतो. आधी परवाना भरायचा, मग पंख्याने हवा खेळवायची, मग वर, मध्ये आणि तळाशी मीटरने हवा तपासायची, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा. उत्तर खरे असते, पण त्यात माणूस नसतो.

दुसऱ्या वेळी तिने बोसनांना, ज्या दिवशी कप्पा उघडतात त्या दिवशी सकाळपासून काय काय होते, एवढेच विचारले. या प्रश्नाला मिळालेली उत्तरे वेगळी होती. झाकणाचे नट गंजून घट्ट झालेले असतात आणि ते सोडवण्यातच सकाळ जाते. पंखा आणायला कोणी तरी मागे जातो. तोपर्यंत दुसरा तोंडाशी उकिडवा बसून आत बॅटरीचा झोत टाकतो. आणि मग बोसन म्हणाले ते कादंबरीचे कलाटणीचे वाक्य ठरले : “ताई, उतरायचं म्हणून कोणी उतरत नाही. काही तरी खाली पडतं. ते उचलायला जातो.”

परवान्याबद्दल विचारले असता त्यांनी हसून सांगितले की तो कागद कधी कधी माणूस आत जाण्याआधी भरला जातो आणि कधी नंतर. हे ऐकून लेखिकेच्या मनात आळशी, बेफिकीर चीफ ऑफिसर तयार होऊ लागला होता. सेकंड इंजिनिअरांनी त्याला आळा घातला. माल चढत असताना चीफ ऑफिसर डेकवर किती तास असतो हे आधी मोजा, असे ते म्हणाले. नियमाने प्रत्येकाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. पण बंदरात माल चढवणे, खालच्या टाक्यांतले पाणी उपसणे, तपासनीसांना कागद दाखवणे आणि लगेच पुढे निघणे हे सगळे त्याच्याच अंगावर येते. दोन रात्री अर्धवट झोपेत काढलेला माणूस परवान्याच्या कागदावर सही करतो तेव्हा ती सही बेफिकिरीची नसते, ती थकव्याची असते. वरून पाहिले तर दोन्ही सह्या सारख्याच.

एक मर्यादा लेखिकेने स्वतःहून पाळली. बोसनांनी ओघात एका सोबत्याच्या मृत्यूची हकीकत सांगितली होती. ती फार परिणामकारक होती आणि तिने ती घेतली नाही. अपघाताची यंत्रणा, म्हणजे गंज, पडलेली वस्तू, मागे राहिलेला श्वसनसंच, ही कोणा एकाची नसते. त्या मृत माणसाचे शेवटचे शब्द मात्र त्याच्या घरच्यांचे असतात.

दुसरा खर्डा

नव्या प्रसंगात पाहणीसाठी कोणी उतरतच नाही. जहाज बंदरातून निघून एक दिवस झालेला आहे. दोन खलाशी व्हॉइडचे झाकण उघडतात. एक पंखा आणायला जातो. दुसरा तोंडाशी बसलेला असताना त्याच्या हातची बॅटरी निसटते आणि शिडीच्या पहिल्या टप्प्यावर, दोन मीटर खाली, अडकते. ती पेटलेलीच असते. तो उतरतो, वाकतो आणि वाकलेलाच राहतो. पंखा घेऊन परतलेल्याला आधी बॅटरीचा उजेड दिसतो, मग पाठ. तो वॉकीटॉकीवर ब्रिजला कळवतो. घंटा होते.

चीफ ऑफिसर सर्वांत आधी पोचतो, रिकाम्या हातांनी. श्वसनसंच जहाजाच्या मागच्या भागात, राहण्याच्या इमारतीशेजारच्या खोलीत आहे. जहाज दोनशे मीटरच्या आसपास लांब आहे आणि पाठीवर सिलिंडर घेतलेल्या माणसाला डेकवरचे अडथळे ओलांडत पुढे यायला वेळ लागतो. लेखिकेने या प्रतीक्षेला दोन पाने दिली आणि माझ्या मते कादंबरीतली सर्वोत्तम पाने हीच आहेत. चीफ ऑफिसरला नियम माहीत आहे, तो त्याने स्वतःच इतरांना शिकवला आहे. खाली पडलेला माणूस हाताच्या अंतरावर आहे, एक पायरी उतरून वाकले तर कॉलर पकडता येईल इतक्या जवळ. संच घेऊन येणारे दोघे अजून डेकच्या मध्यावर आहेत. बोसन त्याच्या बाह्या धरून ठेवतो. तो एकदा मागे येतो. दुसऱ्यांदा तो हिसडा मारतो, दीर्घ श्वास छातीत कोंडून घेतो, उतरतो आणि कॉलर धरून ओढू लागतो. ओझे ओढताना कोंडलेला श्वास सुटतो आणि पुढचा श्वास आपोआप घेतला जातो.

या खर्ड्यात चीफ ऑफिसर मरतो. त्यामुळे कादंबरीचा उरलेला भाग बदलला आणि ते ओझे बोसनाकडे गेले, ज्याने त्याला एकदा धरून ठेवले होते आणि दुसऱ्यांदा ठेवू शकला नाही.

दुसरे वाचन

आता तक्रार पहिल्या गटाकडून आली. पहिला माणूस ओरडत का नाही? इतका अनुभवी अधिकारी दोन श्वासांत कसा कोसळतो? एका वाचिकेला मृत्यू ‘घाईघाईने उरकल्यासारखा’ वाटला. खरी गोष्ट खोटी वाटू लागली होती, कारण ती वाचकांच्या ओळखीच्या चित्राशी जुळत नव्हती.

यावर सोपा उपाय म्हणजे कोणा पात्राकडून शास्त्र समजावून देणे. लेखिकेने नव्याने रुजू झालेल्या शिकाऊ मुलाला बोसन सगळे समजावून सांगतो असा मजकूर लिहून पाहिला. सेकंड इंजिनिअरांनी तो नामंजूर केला. शिकाऊ मुलगा हे शिकूनच जहाजावर आलेला असतो, असे त्यांनी कळवले. शेवटी उपयोगी पडली ती दोन महिन्यांनी होणारी कवायत. अपघाताच्या बऱ्याच आधी, एका कंटाळवाण्या दुपारी, सगळे डेकवर जमतात आणि गोधडी भरून केलेला पुतळा मॅनहोलमधून वर ओढतात. पुतळ्याचा हात कडेला अडकतो, कोणी तरी त्याला आचाऱ्याचे नाव देतो, हशा होतो. थर्ड ऑफिसर मीटरवरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवतो आणि पूर्वीच्या जहाजावरच्या एकाची गोष्ट नेहमीच्याच शब्दांत सांगतो, कोणी ऐकत नसताना. तो माणूस ‘बोलता बोलता गप्प झाला’, एवढीच ती गोष्ट.

खलाशांना हे प्रकरण विनोदी वाटले आणि ओळखीचे वाटले. बाहेरच्या वाचकांना त्यातून आवश्यक ती एकमेव माहिती मिळाली. अपघाताच्या पानावर मग काही समजावावे लागले नाही. याच कवायतीत चीफ ऑफिसर कोणालाही एकट्याने आत जाऊ देत नाही आणि घाई करणाऱ्या एका खलाशाला झापतो, त्यामुळे कप्तानांची मुख्य हरकतही निम्मी झाली : तो नियम न जाणणारा अधिकारी राहिला नाही. मालाच्या दोन रात्रींचे एक छोटे प्रकरण वाढले, तेव्हा उशिरा झालेल्या सहीला तिचे कारण मिळाले.

तिन्ही खलाशांनी दुसरा खर्डा पूर्ण वाचला. नॉटची एक चूक तरीही राहून गेली होती आणि ती कोणीही खुणेने दाखवली नाही; मला ती नंतर मुद्रितशोधनात सापडली. पहिल्या खर्ड्यात तिच्यावर तिघांच्याही रेघा होत्या. कारणे जुळली की वाचणाऱ्याचा हात पेन्सिलीकडे जात नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

मतभेद संपले नाहीत. चीफ ऑफिसरऐवजी दुसरा खलाशी उतरलेला दाखवावा, असा कप्तानांचा शेवटपर्यंत आग्रह होता. बोसनांना नेमके हेच पटले नाही. प्रत्येक गोष्टीत चूक करणारा खलाशीच असतो आणि चौकशीत सही करणारा अधिकारी असतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते आणि निदान कादंबरीत तरी ते उलटे राहू द्यावे असे त्यांचे म्हणणे होते. लेखिकेने निवड बोसनांच्या बाजूने केली, आणि ती कोण अधिक अस्सल या कारणाने नव्हे. ज्याने नियम शिकवला त्यानेच तो मोडणे कादंबरीला हवे होते. कप्तानांची दुसरी सूचना मात्र तिने शब्दशः घेतली. अपघातानंतर ब्रिजवरच्या लॉगबुकात नोंद करणारा कप्तान पहिल्या खर्ड्यात अर्धे पान हुंदके देत होता. आता तो वेळ, जहाजाचे स्थान, दोन नावे आणि दोन हुद्दे लिहितो, कंपनीला फोन लावतो आणि सर्वांत जवळच्या बंदराचे अंतर विचारतो.